न लिहिलेला पाचवा दिवस

काझुओ इशिगुरो यांची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ ही कादंबरी 1989 साली आली आणि त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळालं. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्यातली सर्वांत बोलकी जागा माझ्या नजरेतून साफ सुटली. दुसऱ्यांदा वाचायला घेतली तेव्हा सहज अनुक्रमणिकेकडे लक्ष गेलं. या कादंबरीतल्या प्रकरणांना नावं नाहीत, फक्त वार लावल्यासारखे दिवस आहेत: पहिला दिवस, संध्याकाळ, दुसरा दिवस, सकाळ, दुसरा दिवस, दुपार, तिसरा दिवस, सकाळ, तिसरा दिवस, संध्याकाळ, चौथा दिवस, दुपार. आणि त्यानंतर थेट सहावा दिवस, संध्याकाळ. पाचवा दिवस नाहीच.

छपाईची चूक असावी असं क्षणभर वाटलं. ती चूक नाही. सगळी कादंबरी ज्या भेटीकडे चालली आहे, ती भेट नेमकी या फटीत होते.

कादंबरीत काळ उडी मारतो हे आपल्या इतक्या अंगवळणी पडलं आहे की त्याकडे आपण पाहतही नाही. ‘पुढे दहा वर्षं गेली’ एवढ्या वाक्यावर आपण दहा वर्षं ओलांडतो. सिनेमात तर पडद्यावर ‘वीस वर्षांनंतर’ अशी पाटी येते आणि पोरगा बाप झालेला असतो. यातल्या बहुतेक उड्या निव्वळ सोयीच्या असतात. मधल्या काळात कथेच्या कामाचं काही घडलं नाही, म्हणून लेखक तो गाळतो. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेट यांनी 1972 साली कथनातल्या वेगाची मांडणी केली. घटनेला प्रत्यक्षात किती काळ लागला आणि तिला पुस्तकात किती पानं मिळाली, याचं गुणोत्तर ते पाहतात. काळ गेला पण पानं शून्य, या अवस्थेला त्यांनी लोप म्हटलं. त्याच दशकात जर्मन अभ्यासक वोल्फगांग इझर यांनी वाचकाच्या बाजूने हाच प्रश्न घेतला. मजकुरात मोकळ्या सोडलेल्या जागा वाचकाला जोडकामाला लावतात आणि कलाकृती त्या जोडकामात पुरी होते, असं त्यांचं म्हणणं. हे दोघे ध्यानात ठेवले तर इशिगुरोंच्या फटीकडे नीट पाहता येतं, कारण तिथे सोयीचा प्रश्नच नाही. कथेला सर्वांत जास्त हवं होतं तेच तिथे गाळलं आहे.

कथा थोडक्यात अशी. स्टीव्हन्स हा इंग्लंडमधल्या डार्लिंग्टन हॉल या मोठ्या हवेलीचा बटलर. उभी हयात त्याने लॉर्ड डार्लिंग्टन यांच्या सेवेत घालवली. आता 1956चा जुलै आहे. लॉर्ड वारले आहेत, हवेली फॅरडे नावाच्या अमेरिकन माणसाने विकत घेतली आहे. मालक स्टीव्हन्सला आपली फोर्ड गाडी देतात आणि चार दिवस फिरून ये म्हणतात. स्टीव्हन्स निघतो तो इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे, कॉर्नवॉलकडे. तिथे मिस केंटन राहते. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत ती याच हवेलीत हाउसकीपर होती, मग लग्न करून गेली. तिला जाऊन वीस वर्षं झाली आहेत. वाटेत मुक्काम पडेल तिथे स्टीव्हन्स लिहायला बसतो. ते लिहिणं म्हणजेच ही कादंबरी.

म्हणजे इथे एकाआड एक दोन फटी आहेत. एक वीस वर्षांची, मिस केंटन गेल्यापासून आजपर्यंतची. दुसरी एका दिवसाची. मोठ्या फटीची किल्ली लहान फटीत ठेवली आहे, असं मला वाटतं.

आधी मोठी पाहू. या वीस वर्षांत दुसरं महायुद्ध होऊन गेलं. स्टीव्हन्स त्याबद्दल सलग असं काही सांगत नाही. लॉर्ड डार्लिंग्टन जर्मनीशी समेट व्हावा म्हणून धडपडत होते, नाझींच्या हातचं बाहुलं झाले होते, युद्धानंतर त्यांनी एका वृत्तपत्रावर अब्रूनुकसानीचा दावा लावला, तो हरले आणि त्या धक्क्यातून सावरले नाहीत. हे सारं आपल्याला तुकड्या-तुकड्यांनी, दुसऱ्याच कशाच्या बोलण्यात कळतं. पण ते कळण्याआधीच आपल्याला त्याचा वास येतो. कशावरून? एका आकड्यावरून आणि एका खोट्यावरून. या हवेलीत एके काळी 28 माणसांचा नोकरवर्ग होता, आता चौघे आहेत. दोन काठांवरचे हे दोन आकडे लेखकाने ठेवले आहेत, मधला उतार आपण धरायचा. आणि खोटं असं की वाटेत एक अनोळखी माणूस स्टीव्हन्सला विचारतो, तुम्ही त्या लॉर्ड डार्लिंग्टनकडे होतात का? स्टीव्हन्स नाही म्हणतो. हवेलीत आलेल्या एका पाहुणीपुढेही त्याने हेच केलेलं असतं. ज्या धन्याच्या थोरवीबद्दल तो पानंच्या पानं लिहितो, त्या धन्याला परक्यापुढे नाकारतो. दरम्यान त्या नावाचं काय झालं असेल, ते सांगायला वेगळं प्रकरण लागत नाही.

वाचक फट कशी भरतो, ते यातून स्पष्ट दिसतं. तो हवेतून काही आणत नाही. अलीकडच्या काठावर काय होतं, पलीकडच्या काठावर काय आहे आणि मधे काय घडलं असेल तर हे असं होईल, एवढंच तो विचारतो. लेखकाने दोन्ही काठांवर एकाच जातीची वस्तू ठेवली असेल तर हे काम पक्कं होतं: नोकरांची संख्या आणि नोकरांची संख्या, नावाचा अभिमान आणि त्याच नावाचा नकार. काठावर काहीच ठेवलं नसेल तर त्याला मी फट म्हणणार नाही, ते नुसतं विसरणं आहे. वाचताना हा फरक जाणवतो. पहिल्या प्रकारात आपण मागची पानं उलटून पाहतो. दुसऱ्यात खांदे उडवून पुढे जातो.

आता या कादंबरीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. फट भरणारा एक वाचक लेखकाने कादंबरीच्या आतच बसवला आहे, आणि तो ती चुकीची भरतो. तो वाचक म्हणजे स्वतः स्टीव्हन्स.

प्रवासाला निघण्याआधी त्याला मिस केंटनचं पत्र आलेलं असतं. मधे पत्रव्यवहार जवळपास थांबलेलाच होता, नाताळच्या शुभेच्छापत्रांपुरता उरलेला. या पत्रात तिने जुन्या हवेलीची आठवण काढली आहे, आपल्या संसाराबद्दल थोडं उदास लिहिलं आहे. इकडे हवेलीत माणसं कमी पडताहेत. स्टीव्हन्स ही दोन टोकं जुळवतो आणि ठरवून टाकतो की तिला परत नोकरीवर यायचं आहे. तो पत्र पुन्हा पुन्हा वाचतो. आणि प्रवासात एका रात्री त्याला कबूल करावं लागतं की, तिला परत यायचं आहे असं स्पष्ट म्हणणारं वाक्य त्या पत्रात बोट ठेवून दाखवता येत नाही. तरी तो जातो. वीस वर्षांच्या पोकळीत त्याने आपली गरज भरली आहे, आणि ती गरज नोकरांच्या वेळापत्रकाची आहे असं स्वतःला सांगितलं आहे.

आठवणींच्या बाबतीतही त्याचं हेच होतं. एक चित्र त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येतं: मागच्या बोळात, मिस केंटनच्या बंद दारासमोर तो उभा आहे आणि आत ती रडते आहे अशी त्याची खात्री आहे. तो आधी सांगतो, हे तिच्या मावशीच्या निधनाची बातमी आली तेव्हाचं. पुढे म्हणतो, नाही, माझा थोडा गोंधळ झाला, हे त्यानंतर काही महिन्यांनी घडलं. त्या रात्री हवेलीत ब्रिटिश पंतप्रधान आणि जर्मन राजदूत यांची गुप्त बैठक होती. आणि त्याच रात्री मिस केंटनने त्याला सांगितलं होतं की तिने मिस्टर बेन यांची लग्नाची मागणी स्वीकारली आहे.

या दुरुस्तीवर जरा थांबावं. मावशीसाठी रडणारी बाई आणि एका माणसाला आपलं लग्न ठरल्याचं सांगून, त्याच्या तोंडून कोरडं अभिनंदन ऐकून, दार लावून रडणारी बाई, या दोन वेगळ्या बायका आहेत. स्टीव्हन्स फक्त तारीख दुरुस्त करतो. अर्थ दुरुस्त करत नाही. तो आपण करतो. आणि तेव्हा हेही लक्षात येतं की तारीख आधी चुकली ती वय झालं म्हणून चुकली नाही. मावशीच्या मृत्यूचं रडणं त्याला सोसवत होतं, कारण त्यात त्याचा काही भाग नव्हता. दार मात्र त्याने दोन्ही आवृत्त्यांमध्ये उघडलेलं नाही.

आता पाचवा दिवस. चौथ्या दिवशी दुपारी स्टीव्हन्स कॉर्नवॉलमधल्या लिटल कॉम्प्टन या गावी हॉटेलात बसला आहे. बाहेर पाऊस आहे. भेटीला थोडा वेळ उरला आहे, म्हणून तो लिहितो आहे. प्रकरण तिथे संपतं. पान उलटलं की आपण डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, वेमथ या गावच्या धक्क्यावर आहोत. सहाव्या दिवसाची संध्याकाळ आहे, धक्क्यावरचे दिवे लागताहेत, लोक ते पाहायला जमले आहेत. भेट दोन दिवसांपूर्वी होऊन गेली आहे. तो या गावी काल दुपारीच आला आहे.

हिशेब मांडू. चौथ्या दिवसाची रात्र: लिहिलं नाही. पाचवा दिवस: गाडी चालवली, दुपारी वेमथला पोचला, संध्याकाळ मोकळी होती, लिहिलं नाही. सहावा दिवस: संध्याकाळ होईपर्यंत लिहिलं नाही. या माणसाची सवय आठवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तो दोन-दोनदा लिहायला बसला आहे. तिसऱ्या रात्री पेट्रोल संपून गाडी आडरानात बंद पडली, चिखल तुडवत तो परक्याच्या घरी पोचला, गावकऱ्यांनी त्याला कोणी बडी असामी समजून बोलून बोलून दमवलं. तरी त्या घराच्या माळ्यावरच्या खोलीत बसून त्याने लांबलचक लिहिलं. म्हणजे दमणूक हे कारण होऊ शकत नाही. चांदीची भांडी कशी घासावीत यावर जो पानं भरतो, त्याला विषय सुचत नव्हता असंही नाही. उरतं ते एकच. जवळपास दोन दिवस या माणसाला स्वतःशी बोलता आलं नाही.

मग सहाव्या दिवशी तो ती भेट सांगतो, आणि सांगताना बहुतेक सगळं त्याच्या नेहमीच्या, इस्त्री केलेल्या भाषेत सांगतो. चहा, पाऊस, तिला आता नातवंड होणार असल्याची बातमी. ती परत येणार नाही. नवऱ्याकडे परतते आहे. बसथांब्यावर तो तिला धीर करून विचारतो की संसारात सुख आहे ना. ती म्हणते की पुढे तिचं नवऱ्यावर प्रेम जडलं, पण अधूनमधून वेगळ्या आयुष्याचा विचार मनात येतो, स्टीव्हन्सबरोबर झालं असतं अशा आयुष्याचा. तेव्हा, संपूर्ण कादंबरीत फक्त एकदा, स्टीव्हन्स आपल्याला सांगतो की त्याचं काळीज फाटत होतं. तिला मात्र तो हसून उत्तर देतो.

हे एक वाक्य इशिगुरोंनी शेवटी घातलं. 2017 साली नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी सांगितलं आहे की कादंबरी पुरी झाली असं त्यांना वाटत होतं, आणि मग एका रात्री टॉम वेट्स यांचं ‘रूबीज आर्म्स’ हे गाणं त्यांनी ऐकलं. राकट आवाजाचा गायक त्या गाण्यात एका जागी कोसळतो. स्टीव्हन्सचं चिलखतही एकदा, अगदी क्षणभर फुटू द्यायचं, असं त्यांनी त्या रात्री ठरवलं. मला यातलं प्रमाण महत्त्वाचं वाटतं. ते वाक्य नसतं तर पाचव्या दिवसाची फट निव्वळ अंदाजावर सोडावी लागली असती. तशी तीन-चार वाक्यं असती तर फटीची गरजच उरली नसती. एकच वाक्य असल्यामुळे आपण मागे वळतो आणि त्या कोऱ्या दिवसाचं वजन आपल्याला कळतं.

धक्क्यावर आणखी एक पुरावा आहे. शेजारी बसलेला अनोळखी म्हातारा, तोही जुना बटलरच, बोलता बोलता स्टीव्हन्सला रुमाल देऊ करतो. आपण रडतो आहोत असं स्टीव्हन्सने लिहिलेलं नाही. रुमाल पुढे आल्यावर आपल्याला ते कळतं. आणि जुनं काहीतरी आठवतं. कितीतरी आधीच्या प्रकरणात, 1923 सालच्या परिषदेच्या रात्री, वर त्याचे वडील मरणाला टेकलेले असताना तो खाली पाहुण्यांना मद्य देत फिरत होता. तेव्हाही लॉर्ड डार्लिंग्टन यांनी त्याला विचारलं होतं, तू रडतोयस का? तेव्हा त्याने चेहरा पुसून दिवसभराच्या ताणाचं कारण सांगितलं होतं. धक्क्यावर तो प्रवासाच्या थकव्याचं सांगतो. दोन प्रसंगांत तेहतीस वर्षांचं अंतर आहे आणि सबब तीच आहे.

इथे एक पथ्य पाळायला हवं. पाचव्या रात्री स्टीव्हन्स हॉटेलच्या खोलीत ढसाढसा रडला, असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. त्याला झोप लागली नाही, त्याने परत फिरून तिला गाठायचा विचार केला, हेही आपल्याला ठाऊक नाही. त्यासाठी काठावर काहीही ठेवलेलं नाही. त्याने लिहिलं नाही, एवढं पक्कं आहे, आणि का लिहिलं नाही याचं कारण जवळजवळ पक्कं आहे. त्यापुढे गेलो तर आपण स्टीव्हन्सने त्या पत्राचं केलं तेच करू लागतो. कित्येक वाचक मिस केंटनच्या बाबतीत ते करतात. तिचा संसार वीस वर्षं दुःखाचाच होता, असं ते धरून चालतात, कारण त्यांना ही प्रेमकथा पुरी व्हायला हवी असते. पण ती स्वतः बसथांब्यावर तसं म्हणत नाही. ती घर सोडून गेली होती, परतलीही होती, मुलगी वाढवली, माणसाची सवय झाली, सवयीतून माया झाली. स्टीव्हन्सच्या पोकळीत जे मावत नव्हतं ते तिचं खरं आयुष्य होतं.

आणखी एक कोरी जागा स्टीव्हन्सच्या आटोक्याबाहेरची आहे. 26 जुलै 1956 रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटनची साम्राज्य म्हणून असलेली पत त्या प्रकरणात उतरली. कादंबरीच्या सुरुवातीला जुलै 1956 असं छापलेलं आहे आणि साऱ्या पुस्तकात सुएझचं नाव नाही. स्टीव्हन्स ते लपवत नाही, त्याला त्याची दखलच नाही. ही फट ओलांडायला पुस्तकाबाहेरचा इतिहास लागतो, म्हणून ती वेगळ्या जातीची. ती न दिसताही कादंबरी कळते, दिसली तर त्या जुन्या हवेलीची पडझड अधिक मोठी वाटते.

याच्या अगदी उलट रीत व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1927च्या ‘टू द लाइटहाउस’मध्ये वापरली. तिथे दहा वर्षांची उडी आहे, पण ती कोरी नाही. त्या मधल्या भागात रिकामं पडलेलं घर आहे, धूळ आहे, ओल आहे, मुलांच्या खोलीत डुकराच्या कवटीवर गुंडाळलेल्या शालीची एकेक घडी सुटते आहे. पहिला सगळा भाग जिच्याभोवती फिरला त्या मिसेस रॅमझी यांचा मृत्यू मात्र चौकटी कंसातल्या एका वाक्यात उरकला आहे, तोही वाक्याच्या मधेच, जाता जाता. ती शाल पहिल्या भागात मिसेस रॅमझी यांनीच, लहान मुलीला भीती वाटू नये म्हणून, तिथे गुंडाळली होती. वुल्फ शोक लिहीत नाहीत. ती घडी सुटते तेव्हा तो आपल्याला होतो. इशिगुरोंनी काळ गाळला, वुल्फ यांनी माणसं गाळली.

जेम्स आयव्हरी यांनी 1993 साली इशिगुरोंच्या कादंबरीवर चित्रपट केला. अँथनी हॉपकिन्स आणि एमा थॉम्पसन यांनी तो फार मनापासून केला आहे. बसथांब्यावरचा पाऊस तिथे दिसतो, दोघांचे हात सुटतात तेही दिसतं. पाचवा दिवस मात्र त्यात नाही, कारण पडद्यावरचा स्टीव्हन्स रोज लिहायला बसत नाही. जो लिहीतच नाही त्याचं न लिहिणं दाखवता येत नाही.

ही कादंबरी तुम्ही अजून वाचली नसेल, किंवा पुन्हा हाती घेणार असाल, तर एक विनंती. चौथ्या दिवसाचं प्रकरण संपलं की पुस्तक मिटून ठेवा. पुढचं प्रकरण त्या रात्री उघडू नका, दुसऱ्या दिवशीही नको. एक अख्खा दिवस जाऊ द्या, आणि मग संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, सहावा दिवस वाचा.